दोन, दीड, एक, अर्धी

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोघीतिघींनी मेल करून विचारलंही, "काय गं, कुठे गायब?" गायब वगैरे नव्हते, घरीच होते. झोपेच्या गोळ्या सोडत होते. आता वाचून नातेवाईक मंडळी दचकतील, "हिला गोळ्या चालू होत्या?" म्हणून. होत्या. तीन वर्षं. आणि ज्या प्रसंगामुळे त्या सोडल्या, तो लेकीला विचारून, तिच्या परवानगीनेच इथे लिहितेय.

सुरुवात 2021 मध्ये झाली. आई गेली, आणि त्यानंतर मला झोपच येईना. रात्री अकराला अंथरुणावर पडायचं आणि पहाटेपर्यंत छताकडे बघायचं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी दिली. मुळात ती घबराटीसाठीची गोळी, पण झोपेसाठीही सर्रास दिली जाते. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं, पंधरा दिवस. पहिल्या रात्री अशी झोप लागली की काय सांगू! पंधरा दिवस संपले, मी त्याच चिठ्ठीवर आणखी एक पट्टी आणली. मग आणखी एक. खरं तर हे औषध 2014 पासून कडक नियमातलं आहे. दुकानदाराने चिठ्ठी बघून वहीत नोंद ठेवायची असते. पण केमिस्ट ओळखीचा, त्याने काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. काही महिन्यांनी एका गोळीने भागेना, म्हणून माझ्याच मनाने दोन घ्यायला लागले. म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. डोस काही फार मोठा नव्हे, असं मी स्वतःला सांगायचे.

आता तो फोन.

गणपती नुकतेच बसले होते. हे कोल्हापूरला लग्नाला गेले होते, घरी मी एकटी. दहाला गोळ्या घेतल्या, आणि साडेदहाला बंगळूरहून लेकीचा फोन आला. तिला तेव्हा नववा आठवडा चालू होता. हे मला नंतर कळलेलं लिहितेय बरं का, कारण त्या फोनमधला एक शब्दही मला आठवत नाही. सकाळी उठले, पूजा झाली, चहा झाला, आणि मी छान उत्साहात तिला फोन लावला, "काय गं, झाली का सोनोग्राफी? काय म्हणाल्या डॉक्टर?"

पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "आई, काल रात्री सगळं सांगितलं ना तुला."

सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले नव्हते. ती माझ्याशी चौतीस मिनिटं बोलली होती, मोबाईलमध्ये नोंद आहे. ती रडली होती. मी तिची समजूत घातली होती, "उद्या मिळेल त्या गाडीने निघते" असंही म्हणाले होते. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी अगदी नीट, शुद्धीत बोलत होते. आणि सकाळी माझी पाटी कोरी!

ही गोळी असं करते, हे मला नंतर कळलं. ती घेतल्यावर माणूस जागा राहिला तर बोलतो, चालतो, उत्तरं देतो, पण त्या वेळचं मेंदूत नोंदलंच जात नाही. विसरणं वेगळं. विसरलेलं कुणी आठवण करून दिली की आठवतं. हे नोंदलेलंच नसतं, तर आठवणार काय? म्हणून अशा गोळ्या घेतल्या की लगेच अंथरुणावर जायचं, फोनबिन घ्यायचे नाहीत, असं सांगतात. मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, तर तेही मी ऐकलं नसेल.

मी त्याच दिवशी निघाले. गोळ्यांची पट्टी रागारागाने कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हटलं, बास. आजपासून बंद.

आणि हीच माझी सगळ्यात मोठी चूक.

पहिली रात्र बसमध्येच गेली, तिथे कुणालाच झोप नव्हती. दुसऱ्या रात्री लेकीच्या घरी डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास हात थरथरायला लागले. पंखा चालू असताना घामाने गाऊन भिजला. छातीत धडधड इतकी की मला वाटलं हार्ट अॅटॅकच आहे. फ्रीजचा आवाज कानात कुणी करवत चालवावी तसा येत होता. आणि ज्या लेकीला आधार द्यायला मी गेले होते, तीच उठून माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. चार दिवसांपूर्वी तिच्यावर काय गुजरलं होतं, आणि ती माझ्यासाठी पाणी आणतेय. त्या रात्रीइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जावयांनी पहाटे दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो ठीक निघाला. मग विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" मी सांगितलं, आणि परवाच बंद केली म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ही गोळी रोज, इतकी वर्षं घेणाऱ्याने एकदम बंद करायची नसते. काहींना फिट येते, कुणाला भास होतात, गोंधळायला होतं. तुमचं थोडक्यात निभावलं. आजपासून पूर्वीचाच डोस पुन्हा सुरू करा आणि गावी गेल्यावर तज्ज्ञांना भेटून हळूहळू उतरवा.

म्हणजे सोडायची म्हणून टाकलेली गोळी मी चौथ्या रात्री पुन्हा घेतली. फार हरल्यासारखं वाटलं.

सांगलीला परत आल्यावर एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. पाटी बघून पाय अडखळले, कुणी ओळखीचं बघत तर नाही ना म्हणून. बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, पण समजावून सांगण्याची हातोटी शाळेतल्या चांगल्या मास्तरणीसारखी. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते.

मेंदूला स्वतःचा एक ब्रेक असतो. गाबा नावाचं रसायन तो दाबतं, आणि मग मेंदू शांत होतो. ही गोळी त्या ब्रेकवर बाहेरून आणखी एक पाय ठेवते. रोज बाहेरचा पाय येतोय म्हटल्यावर मेंदू आपला ब्रेक सैल करून ठेवतो. म्हणून काही महिन्यांनी तीच गोळी पुरेनाशी होते. आणि एके दिवशी बाहेरचा पाय एकदम काढला, की गाडी उतारावर सुटते. घाम, थरथर, धडधड, आवाज सहन न होणं, हे सगळं ते सुटणं. ब्रेक पुन्हा घट्ट होतो, पण त्याला आठवडे लागतात. म्हणून पाय सावकाश काढायचा.

मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. पाव मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दोन आठवडे, आधी सगळं स्थिर होऊ दे. मग दीड. मग एक. मग अर्धी. मग शून्य. प्रत्येक पायरीवर निदान दोन आठवडे, आणि पायरी उतरायची ती त्यांना विचारूनच. केमिस्टकडे गोळी कापायची छोटी डबी मिळते, ती आणली. सुरीने कापली तर एक तुकडा मोठा, एक लहान आणि बाकी भुगा होतो. (गोळी सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची असेल तर ती कापायची नसते, तेही त्यांनी आधी पट्टी बघून तपासलं. हे वेळापत्रक माझं आहे, कुणी उचलून वापरू नका. जास्त डोस, जास्त वर्षं, फिटचा त्रास, रोजची दारू, अशांचं गणित वेगळंच असतं.)

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि पुढचे तीन महिने मी तिच्याच आधारावर काढले. म्हणाल्या, "गोळी कमी केली की झोप बिघडणारच. तेव्हा तुम्हाला वाटेल की मूळचा आजार परत आला, मला गोळीशिवाय झोप नाहीच. बहुतेक लोक इथेच परत फिरतात. पण दोन्हींत फरक आहे. जुनी निद्रानाशाची तक्रार हळूहळू येते आणि ठाण मांडून बसते. गोळी कमी केल्याचा त्रास डोस उतरवल्यावर एकदोन दिवसांत येतो, पूर्वी कधी नव्हती अशी लक्षणं घेऊन येतो, आणि चारआठ दिवसांत ओसरायला लागतो. तुम्ही फक्त लिहून ठेवा, म्हणजे तुमचं तुम्हालाच दिसेल."

म्हणून एक दोनशे पानी वही केली. रोज सकाळी चहाच्या आधी चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता पडले, अंदाजे किती वाजता झोप लागली, मध्ये किती वेळ जागी, किती वाजता उठले. रात्री घड्याळ बघायचं नाही, त्यामुळे सगळं अंदाजानेच. घड्याळ भिंतीवरून काढून यांच्या कपाटात ठेवलं.

दोनवरून दीडवर आले त्या आठवड्याची वही समोर आहे. पहिली रात्र, पाच तास. दुसरी, साडेतीन. तिसरी, तीन, आणि शेजारी लिहिलंय "कुत्र्यांचा आवाज असह्य". चौथी, साडेतीन. पाचवी, साडेचार. सातवी, पाच. म्हणजे बाईंनी सांगितलं होतं तस्संच! तिसऱ्या रात्री मला खात्री होती की आपल्याला हे जमणार नाही, आणि सातव्या रात्रीनंतर ती खात्री वहीत कुठे दिसेना. पुढे एकवर आले तेव्हाही तिसरी रात्रच सगळ्यात वाईट. तोवर मला ती तिसरी रात्र ओळखीची झाली होती. येणार हे ठाऊक असलेला पाहुणा तेवढा जाचत नाही.

बाईंनी दुसरं काम दिलं ते मात्र अघोरी होतं. वहीतली आकडेमोड करून म्हणाल्या, "तुम्ही दहाला पडता, सहाला उठता. आठ तास अंथरुणात, त्यात झोप पावणेपाच तास. म्हणजे साठ टक्केही नाही. उरलेले सव्वातीन तास तुम्ही पलंगाला शिकवताय की ही जागी राहायची जागा आहे." उपाय काय? तर अंथरुणातले तास कमी करा! रात्री बाराच्या आत पडायचं नाही आणि साडेपाचला उठायचंच, रात्र कशीही गेलेली असो. दुपारची डुलकी बंद. पडल्यावर वीसएक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, डोळे जड झाले तरच परत यायचं.

आता बोला! झोप येत नाही म्हणून गेले, तर कमी झोप म्हणाल्या.

रात्री दहा ते बारा हा वेळ कसा काढला ते माझं मला माहीत. हे नऊलाच घोरायला लागायचे. मी लसूण सोलायचे. खरंच. आमच्या घरी त्या हिवाळ्यात सोललेल्या लसणाचे तीन डबे भरलेले होते, शेजारणीलासुद्धा दिले. मध्यरात्री उठून बसले की जुन्या साड्यांचे फॉल उसवायचे. लांबून मालगाडीची शिट्टी यायची, गुरखा काठी आपटत जायचा. दिवसा डोकं जड असायचं, म्हणून ते आठवडे स्कूटी यांच्या ताब्यात. झोपाळलेल्या माणसाने गाडी चालवायची नाही, ही बाईंची सक्त ताकीद.

साडेपाचला उठून मात्र कृष्णेकडे जायचे. घाटावर बसून आयर्विन पुलावर उजाडताना बघायचं. ही काव्याची हौस नव्हती, तेही औषधच. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप वेळेवर यायला मदत होते. दुपारी दोननंतरचा चहा बंद केला, त्याचं मला गोळीइतकंच जड गेलं. मावशींनी जायफळ घातलेलं दूध सुचवलं, ते घेतलं. फरक पडला का ते वहीवरून तरी सांगता येत नाही, पण मावशींना बरं वाटलं.

पहिल्या आठवड्यात साडेपाच तासांत साडेचार तास झोप, म्हणजे ब्याऐंशी टक्के. दुसऱ्यात पाच तास, नव्वदच्या वर. पंच्याऐंशीच्या वर गेलं की बक्षीस म्हणून अंथरुणाचा वेळ पंधरा मिनिटांनी वाढायचा. पावणेबाराला पडायला मिळालं त्या रात्रीचा आनंद मी काय वर्णन करू. लहानपणी दिवाळीत मिळायचा तसला!

एकवरून अर्धीवर आले तेव्हा घसरले. नवव्या दिवशीसुद्धा तीन तासांवर गाडी हलेना, दुपारी उगाच रडू यायचं. मी बाईंना फोन केला, म्हटलं परत एक घेऊ का? म्हणाल्या, मागे जायचं नाही आणि पुढेही जायचं नाही, अर्धीवरच थांबा. दोनाच्या जागी चार आठवडे थांबले. दोनवरून दीड म्हणजे पाव हिस्सा कमी, पण एकवरून अर्धी म्हणजे निम्माच कमी. वरून उतरताना सारख्या दिसणाऱ्या पायऱ्या खाली येईतो उंच झालेल्या असतात.

त्याच चार आठवड्यांत स्वप्नं सुरू झाली. तीन वर्षांत मला स्वप्न पडल्याचं आठवत नाही. गोळी उतरवताना स्वप्नं दाट पडतात म्हणे. एका पहाटे आई आली. मिरजेच्या घरातल्या ओट्यापाशी उभी होती आणि विचारत होती, "लिंबाच्या लोणच्याला मीठ घातलंस का?" एवढंच. मी जागी झाले आणि जी रडले ते उजाडेपर्यंत. ती गेली तेव्हा तेरा दिवस सगळं मी उभी राहून केलं होतं, आणि पुढे रोज रात्री दहाला दिवा मालवल्यासारखी मालवली जात होते. तिच्यासाठी रडायचं राहूनच गेलं होतं. तीन वर्षांनी, डिसेंबरच्या थंडीत, एका अर्ध्या गोळीवर ते झालं.

शून्याची रात्र दत्तजयंतीनंतरच्या आठवड्यात आली. गोळी तशी नावापुरतीच उरली होती, तरी दहा वाजता हात आपोआप कपाटाकडे गेला. पहिल्या आठवड्यात दोन रात्री जवळजवळ कोऱ्या गेल्या. हातात मुंग्या, पायांची चुळबूळ, थोडा घाम. बंगळूरच्या रात्रीच्या मानाने काहीच नाही, पण मन खचायला पुरेसं. दुसऱ्या आठवड्यात चार तास. तिसऱ्यात साडेचार, कधी पाच. मी वही उलटून दीडवरचा आठवडा बघायचे, तोच चढ आणि तोच उतार, फक्त जरा लांबलेला. हेच बघून तग धरला. चौथ्या आठवड्यात एका सकाळी साडेपाचच्या गजराने मला उठवलं. गजराने! तोवर दर सकाळी मीच गजराची वाट बघत पडलेली असायचे.

आता सगळं छान झालं असं लिहिणार नाही. अजून आठवड्यात एखादी रात्र वाईट जाते. झोप सरासरी सहा तास, तीही गोळीच्या झोपेसारखी एकसंध नाही, मध्ये एकदा जाग येतेच. बाई म्हणतात, पंचावन्नाव्या वर्षी ती यायचीच. वाईट रात्रीची भीती मात्र गेली, आणि वाईट रात्रीपेक्षा तिची भीतीच जास्त वेळ जागं ठेवायची.

लेक संक्रांतीला चार दिवस येऊन गेली. एका रात्री अकराला ती स्वयंपाकघरात आली, मी लसूण सोलत बसलेली. तीही सोलायला बसली. आणि मग तिने मला तो फोन पुन्हा सांगितला. पहिल्यापासून. सोनोग्राफीच्या खोलीतली थंडी, पडद्याकडे बघणाऱ्या डॉक्टरांचं गप्प होणं, घरी येताना रिक्षात जावयांनी धरलेला हात. मी आधीच्या वेळी काय काय बोलले होते तेही सांगितलं. म्हणाली, "तू बरंच चांगलं बोलली होतीस गं आई. म्हणूनच सकाळी जास्त लागलं."

मला यावर काही सुचलं नाही. आम्ही दोघींनी मिळून दोन गड्डे संपवले.

सकाळी उठल्यावर वहीत चार ओळी लिहिल्या. सव्वाबाराला पडले, झोप साधारण दीडला, मध्ये एकदा जाग, साडेपाचला उठले. चारच तास झोप झाली. पण रात्रीचं सगळं आठवत होतं.

असो. आता सव्वाअकरा होत आलेत, सध्या माझी पडायची वेळ तीच आहे. बाकी पुन्हा कधीतरी.